पाण्याच्या धारेने पळणारी गाडी : वर्गाचा नियम कुठून आला

1704 साली पॅरिसमध्ये आंत्वान पारां यांनी पाणचक्कीचा हिशोब मांडला. पाण्याचा वेग V आणि पात्याचा U असेल, तर पात्यावरचा जोर (V-U) च्या वर्गाच्या प्रमाणात असतो, असे त्यांनी धरले. त्यावरून चाक पाण्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरावे आणि पाण्याच्या शक्तीपैकी फार तर 4/27, म्हणजे जेमतेम 15 टक्के हाती लागावी, असे उत्तर निघाले. 1759 मध्ये जॉन स्मीटन यांनी छोट्या प्रतिकृतींवर केलेली मोजमापे मांडली, त्यांत त्याहून बरेच जास्त काम मिळाले होते. याचे कारण 1767 मध्ये बोर्दा यांनी सांगितले. चाकाला एकामागे एक पाती असतात. एका पात्याला न गाठलेले पाणी पुढच्या पात्यावर पडतेच. सगळे पाणी कामी येते, म्हणून जोर (V-U) च्या पहिल्या घातानेच बदलतो.

आता चाकाऐवजी अशी गाडी घ्या, जिच्या पात्यावर स्थिर नळाची धार पडते आणि तिला पुढे ढकलते. पारां यांचा वर्ग या गाडीला मात्र तंतोतंत लागू पडतो, कारण तिला पाते एकच असते. गाडी पुढे सरकते तशी नळाचे तोंड आणि पाते यांमधली धार लांबत जाते. नळातून निघालेल्या पाण्याचा काही भाग त्या लांबीतच अडकतो आणि पात्यापर्यंत पोचत नाही.

कंट्रोल व्हॉल्यूम, म्हणजे हिशोबासाठी गाडीभोवती कल्पनेने आखलेली जागा, गाडीबरोबर चालवले की हे आपोआप दिसते. पाण्याची घनता ρ, धारेचा छेद A आणि गाडीचे वस्तुमान M धरू. त्याच्या सीमेतून दर सेकंदाला ρA(V-U) इतकेच वस्तुमान आत येते आणि त्याचा गाडीसापेक्ष वेगही (V-U) असतो. वर्ग येतो तो या गुणाकारातून. पाते θ कोनातून धार वळवत असेल, घर्षण नसेल आणि पात्यावरचे पाणी गाडीच्या मानाने नगण्य असेल, तर

M dU/dt = ρA(V-U)²(1-cosθ)

इथे एक जपायला हवे. हे कंट्रोल व्हॉल्यूम स्वतःच त्वरणात आहे, म्हणून संवेगाच्या समीकरणात M dU/dt हे पद वेगळे घालावे लागते. ते विसरले, तर U = V, म्हणजे गाडी सोडताक्षणीच धारेच्या वेगाने पळते, असे चुकीचे उत्तर येते.

50 किलोची गाडी, सपाट उभे पाते (θ = 90°), धारेचा छेद 10 चौरस सेंटिमीटर, V = 10 मीटर प्रति सेकंद घेऊ. सुरुवातीचा जोर 100 न्यूटन, त्वरण 2. समीकरण सोडवले की U = Vbt/(1+bt), आणि b = ρAV/M = 0.2 प्रति सेकंद. 5 सेकंदांनी वेग 5 होतो, पण त्वरण चौथाईवर, म्हणजे 0.5 वर उतरलेले असते. 10 सेकंदांनी वेग 6.67 होतो. बोर्दा यांचा चाकाचा नियम चुकून वापरला, तर 5 सेकंदांनाच 6.32 मिळते आणि गाडी कागदावर फार लवकर पळते. U हा V च्या जवळ जाईल पण कधीच गाठणार नाही, ही अट मात्र दोन्ही सूत्रे पाळतात. त्यामुळे एवढी एकच तपासणी करून ही चूक सापडत नाही. पात्यापर्यंत पोचणारे पाणी मोजूनच ती कळते.