एकाच झुडपाचे दोन चहा

कोकणात परसदारी उगवतो तो गवती चहा. तो गवताच्या कुळातला. चहाच्या झुडपाशी त्याचं काहीच नातं नाही. चहाचे मळे इथल्या कुणी फारसे पाहिलेले नसतात. त्यामुळे दुकानातला हिरवा चहा वेगळ्या झाडाचा असणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. या समजाला मोठा इतिहास आहे.

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने 1753 मध्ये चहाची एकच जात नोंदवली होती. 1762 मध्ये मात्र त्याने दोन केल्या: काळ्या चहाची ‘थिया बोहिया’ आणि हिरव्याची ‘थिया विरिडिस’. भेद कशावरून, तर पहिलीच्या फुलाला सहा पाकळ्या आणि दुसरीच्या नऊ! चीनमधले चहाचे मुलूख परदेशी माणसाला बंद होते, म्हणून मळ्यात जाऊन खातरजमा करणं अवघड होतं. ते काम रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1840 च्या दशकात केलं. फुजियान प्रांतात काळा चहा ज्या झुडपांपासून बनत होता, ती त्याला हिरव्या चहाच्या मुलखातल्या झुडपांसारखीच दिसली. फरक पानं खुडल्यानंतर पडत होता. आज या झुडपाचं नाव ‘कॅमेलिया सायनेन्सिस’. आसामची मोठ्या पानांची उपजातही त्यातलीच.

खुडल्यानंतर काय होतं, ते केळफूल निवडणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. चिरलेलं केळफूल ताकाच्या पाण्यात टाकलं नाही तर काळं पडतं. चहाच्या पानातही कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं आणि त्यांच्यावर काम करणारं विकर (एंझाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पान वळलं, चुरडलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात, हवेतला प्राणवायू मिळतो आणि ऑक्सिडेशन सुरू होतं. केळफुलातलं असंच विकर ताकातल्या आम्लामुळे मंदावतं. हिरव्या चहात ते उष्णतेनं निकामी करतात. चीनमध्ये पानं बहुधा तापल्या कढईत परततात, जपानमध्ये वाफवतात. हे लवकर झालं नाही तर पानांच्या कडा तांबूस होतात, आणि हिरव्या चहात तो दोषच मानतात.

काळ्या चहासाठी पान आधी सुकवून मऊ करतात, मग चुरडून तास-दोन तास पसरतात. कॅटेचिनपासून थिआफ्लेविन तयार होतात. चहाचा सोनेरी-लालसर रंग आणि जिभेला जाणवणारी तरतरी त्यांची. पुढे थिआरुबिगिन वाढतात, ती गडद तांबडा रंग आणि भरीवपणा देतात. वेळ जास्त झाला तर रंग चढतो, पण तरतरी जाते. म्हणून नेमक्या वेळी गरम हवेनं वाळवून क्रिया थांबवतात. याला कारखान्यांत ‘फर्मेंटेशन’ म्हणत आले, पण हे काम जिवाणूंचं नाही, पानातल्याच विकराचं आहे.

कॅफिन मात्र या सगळ्यात जवळपास तेवढंच राहतं. झोप येत नाही म्हणून काळा सोडून हिरवा धरणाऱ्यानं कपात किती पत्ती घातली आणि किती वेळ ठेवली, ते आधी पाहावं.