आहेर कोणता आणि हुंडा कोणता?

लग्नघरातून सासरी जाणारी प्रत्येक वस्तू हुंडा नसते, पण नुसते ‘हौसेने दिले’ म्हटल्याने हुंड्याचा आहेरही होत नाही. हुंडा प्रतिबंध अधिनियम, १९६१ मधील व्याख्या बरीच व्यापक आहे. लग्नाच्या संबंधात, लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर केव्हाही, एका पक्षाने दुसऱ्या पक्षाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे दिलेली अथवा देण्याचे कबूल केलेली मालमत्ता म्हणजे हुंडा. मुस्लिम विवाहातील मेहर मात्र त्यातून वगळला आहे. वधूला किंवा वराला मागणी न करता दिलेल्या भेटींना कायद्याने सूट दिली आहे, परंतु त्यांची लेखी यादी केलेली असावी लागते. शिवाय वधूच्या बाजूने दिलेली भेट रूढीला धरून आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी नसलेली असावी लागते.

आपल्याकडे लग्न ठरवताना बैठकीत ‘याद्या’ होतातच, पण त्यांत सहसा कोणी काय द्यायचे हे ठरलेले असते. कायद्याला हवी असलेली यादी वेगळी आहे. १९८५ च्या नियमांनुसार ती लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर करायची असते, तीत वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहायचे असते आणि तिच्यावर वधू-वर दोघांच्याही सह्या लागतात. पहिला कागद मागणीचा पुरावा ठरू शकतो, तर दुसरा भेटीचा. प्रत्यक्षात पहिलाच कागद घरोघर सापडतो आणि दुसरा जवळजवळ कोणीच करत नाही.

समजा, बैठकीत वरपक्षाने मुलासाठी पाच तोळे आणि मोटारसायकल मागितली. लग्नात मामाने स्वतःहून भाचीला बांगड्या केल्या. आठ महिन्यांनी सासऱ्यांनी ‘दुकान टाकायला माहेरून तीन लाख आण’ असा तगादा लावला. यातील बांगड्या भेट आहेत आणि त्या मुलीचे स्त्रीधन ठरतात. त्या सासूच्या कपाटात असल्या तरी मालकी मुलीचीच राहते आणि मागूनही परत न दिल्यास फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. सोने आणि मोटारसायकल हा हुंडा आहे, मग त्याला मानपान म्हणोत की आणखी काही. खरा वाद तीन लाखांचा होतो. महाराष्ट्रातील आप्पासाहेब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली घरखर्च आणि खतासाठी मागितलेले पैसे हुंडा मानले नव्हते. २०१५ मध्ये मात्र राजिंदर सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो दृष्टिकोन नाकारला, आणि २०२२ मध्ये घर बांधण्यासाठीची मागणीही हुंडाच ठरवण्यात आली. म्हणून ‘ही तर धंद्याला मदत’ हा बचाव आता सहज टिकत नाही.

शिक्षेचीही दोन वेगळी मापे आहेत. हुंडा देणे-घेणे यासाठी किमान पाच वर्षे कैद आणि किमान १५ हजार रुपये किंवा हुंड्याच्या किमतीएवढा, यांपैकी जास्त असेल तो दंड आहे. नुसत्या मागणीसाठी, एक रुपयाही हातात पडला नसला तरी, सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होतो. मागणीसाठी विवाहितेचा छळ झाल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ लागते. लग्नानंतर सात वर्षांच्या आत तिचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि मृत्यूच्या थोडे आधी हुंड्यासाठी छळ झाल्याचे दिसले, तर कलम ८० खाली किमान सात वर्षांची कैद आहे.

देणाराही गुन्हेगार ठरतो, या भीतीने अनेक वडील गप्प बसतात. या भीतीला कायद्यात उत्तर आहे: हुंडा प्रतिबंध अधिनियमाच्या कलम ७(३) नुसार पीडित व्यक्तीने केलेल्या निवेदनाच्या आधारे तिच्यावरच या अधिनियमाखाली खटला चालवता येत नाही. तक्रार मुलगी स्वतः करू शकते, तसेच तिचे आई-वडील, इतर नातेवाईक किंवा मान्यताप्राप्त समाजकल्याण संस्थाही करू शकते. आणि या अधिनियमाखालील गुन्ह्यांना मुदतीची मर्यादा नाही. मुलगी माहेरी आली असेल तर माहेरच्या पोलीस ठाण्यातही छळाची तक्रार देता येते. हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात स्पष्ट केले आहे. हद्द आपली नाही म्हणून ठाण्याला तक्रार नोंदवण्यास नकार देता येत नाही. तक्रारीत ‘सतत पैसे मागतात’ एवढेच लिहू नये. कोणी, साधारण कोणत्या तारखेला, कोणासमोर, किती मागितले आणि नकार दिल्यावर काय झाले, हे प्रत्येक माणसाच्या नावाने वेगवेगळे लिहावे, कारण सगळ्या सासरवर सरसकट केलेले मोघम आरोप न्यायालये वारंवार रद्द करतात. सोबत बँकेतून पाठवलेल्या रकमांचे उतारे, दागिन्यांच्या पावत्या, मोबाइलवरील संदेश आणि लग्नाचे फोटो जोडावेत. मूळ संदेश फोनमधून पुसू नयेत. ठाण्यात दाद न मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवावी, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तातडीच्या वेळी ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे क्रमांक आहेतच.