सोडियम-मीठ रूपांतर

सोडियम-मीठ रूपांतर : वेष्टनावर मिलिग्रॅममध्ये छापलेल्या सोडियमवरून त्याच्या तोलाचे मीठ ग्रॅममध्ये काढण्याची व ते दिवसाच्या मर्यादेशी ताडून पाहण्याची रीत. सोडियमच्या मिलिग्रॅमना २·५ ने गुणून १,००० ने भागले की मिठाचे ग्रॅम मिळतात. घाईत हिशेब करायचा असेल, तर ४०० मिग्रॅ. सोडियम म्हणजे १ ग्रॅ. मीठ, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते.

या गुणकाविषयी थोडा मतभेद आहे. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड (NaCl). सोडियमचा अणुभार २२·९९ व क्लोरिनचा ३५·४५, म्हणून मिठाच्या वजनात सोडियम सुमारे ३९·३ टक्के भरते आणि काटेकोर गुणक २·५४ येतो. प्रयोगशाळेत काम करणारे तोच धरतात; यूरोपीय संघाच्या २०११ च्या वेष्टन-नियमांत मात्र २·५ आहे. २,००० मिग्रॅ. सोडियमचे एका गुणकाने ५·०८ ग्रॅ., तर दुसऱ्याने ५ ग्रॅ. मीठ होते. बाजारातले मीठ शुद्ध सोडियम क्लोराइड नसते, त्यात थोडा ओलावा व इतर द्रव्येही असतात. ते पाहता घरच्या हिशेबाला २·५ च सोयीचा वाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला २ ग्रॅ. पेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅ. पेक्षा कमी मीठ, अशी शिफारस केली. हे मीठ चहाच्या सपाट चमच्याहून किंचित कमी भरते. भारताच्या २०२० च्या वेष्टन-नियमांत टक्केवारीचा पाया हाच, म्हणजे २,००० मिग्रॅ., आहे. अमेरिकी वेष्टनांचा पाया २,३०० मिग्रॅ. असल्यामुळे ४६० मिग्रॅ. सोडियम तिथे २० टक्के ठरते, तर इथे २३ टक्के. मुंबईत दुकानाच्या एकाच फळीवर दोन्हीकडचा माल मांडलेला असतो. तेव्हा छापील टक्के न ताडता मिलिग्रॅम ताडावेत. यूरोपीय वेष्टनावर थेट ‘मीठ’ ग्रॅममध्ये दिलेले असते. त्याला पुन्हा २·५ ने गुणले, तर उत्तर अडीचपट फुगते.

उदाहरण उडीद पापडाचे घेऊ. दादरच्या बाजारातून आणलेल्या पुड्यावर १०० ग्रॅममागे १,७०० मिग्रॅ. सोडियम छापले आहे व एक पापड १२ ग्रॅमचा आहे, असे धरू. एका पापडात १,७०० × १२ ÷ १०० = २०४ मिग्रॅ. सोडियम आले, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅ. मीठ. वरणभातासोबत दोन पापड खाल्ले की १ ग्रॅ. मीठ होते आणि दिवसाच्या मर्यादेचा पाचवा भाग तिथेच संपतो. आमटी आणि लोणच्याचे मीठ अजून मोजायचेच आहे. इथे पापड कच्चा तोलावा. भाजल्यावर त्यातले पाणी उडून वजन घटते, सोडियम मात्र तेवढेच राहते. भाजलेल्या पापडाच्या वजनाला कच्च्या पापडाचा आकडा लावला, तर हिशेब कमी येतो.

याच पापडात रूपांतराची मर्यादाही दिसते. पापडखार हा मुख्यतः सोडियमच्या कार्बोनेट वर्गातल्या क्षारांचा असतो; म्हणजे छापलेले सगळे सोडियम मिठातून आलेले नसते. खाण्याच्या सोड्यात वजनाच्या सुमारे २७ टक्के सोडियम असते. १ ग्रॅ. सोड्याचे रूपांतर जवळजवळ ०·७ ग्रॅ. ‘मीठ’ असे येते, पण जिभेला तो तितका खारट लागत नाही. म्हणून निघालेल्या आकड्याला मीठ न म्हणता ‘मीठतुल्य’ म्हणणे अधिक बरोबर होय. क्लोराइडखेरीजचे सोडियम रक्तदाब तितका वाढवत नसावे, असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. तथापि मर्यादा सर्व स्रोतांच्या सोडियमवर घातलेली आहे, आणि रक्तदाबाच्या रुग्णाने खारातले सोडियम वजा करू नये, हेच मत इष्ट वाटते.

चूक बहुधा ‘प्रति सर्व्हिंग’च्या रकान्यात होते. १५० ग्रॅमच्या शेवेच्या पाकिटावर सर्व्हिंग ३० ग्रॅ. व तिचे सोडियम २५५ मिग्रॅ. असेल, तर मीठ ०·६४ ग्रॅ. दिसते. एकट्याने पाकीट संपवले की ते पाचपट, म्हणजे ३·२ ग्रॅ. होते. छापील टक्क्यांचा पाया तपासायचा असेल, तर सर्व्हिंगच्या सोडियमला २० ने भागावे. भारतीय पायावर इथे सुमारे १३ यायला हवेत.

वडापाव, भेळ आणि दुकानातून सुटे तोलून घेतलेले फरसाण यांवर वेष्टनच नसते. त्यांना हे रूपांतर लावता येत नाही.