‘ह्यांचं तेल’ या कथेची पार्श्वभूमी

माझ्या कथेतली आजी नवरा गेल्यानंतर दोन वर्षांनी एका सकाळी पिशवी घेऊन पुण्यातल्या पेठांत तेल शोधायला निघते. नवरा छापखान्यात खिळे जुळवायचा. अंघोळ झाली की तळहातावर चमचाभर तेल घ्यायचा, टाळूवर चोळायचा, उरलेलं कानामागे पुसायचा आणि मग भांग पाडायचा. तेल चमेलीचं, एवढंच तिला ठाऊक आहे. बाटलीवर कधी कागदच नव्हता. बाटलीही तेलाची नव्हती. ती कुठल्याशा औषधाची धुऊन ठेवलेली काचेची बाटली होती आणि ती घेऊन तो दर महिन्याला रविवार पेठेत जायचा.

कथेत ती बऱ्याच दुकानांत जाते. प्रत्येक ठिकाणी तिला ‘चमेली तेल’ मिळतं आणि प्रत्येक ठिकाणी ती मान हलवून बाहेर येते. वाचणाऱ्याला हा म्हातारपणीचा हट्ट वाटू शकेल. मला तसा तो वाटत नाही. आजीचं नाक बरोबर आहे. गेल्या शे-सव्वाशे वर्षांत चमेली तेल हे नाव तसंच राहिलं आणि बाटलीतला ऐवज दोनदा पार बदलला. तो कसा बदलला हे कळलं, की तिच्या नवऱ्याचं तेल नेमकं कोणतं होतं याचा मागही काढता येतो.

मूळ चमेली तेलात फुलांचा अर्क वरून घालत नसत. त्याला फुलेल म्हणत आणि त्यासाठी उत्तर प्रदेशातलं जौनपूर, गाझीपूर, सिकंदरपूर ही गावं प्रसिद्ध होती. तीळ धुऊन, साल काढून, वाळवून घ्यायचे. त्यांचा थर पसरायचा, त्यावर ताज्या चमेलीच्या फुलांचा थर द्यायचा, वर पुन्हा तीळ. चमेली, म्हणजे आपल्याकडे जिला बहुतेक जण जाई म्हणतात ती, तोडल्यावरही कित्येक तास वास सोडत राहते. तो वास तिळातलं तेल ओढून घेतं. दुसऱ्या दिवशी मलूल झालेली फुलं चाळून काढायची आणि नवी घालायची. असं दिवसेंदिवस चालायचं. तीळ सुगंधाने पुरेसे भरले, की मग ते घाण्यात घालायचे. या फुलांना उष्णता सोसत नाही, वास करपतो, म्हणून हा सगळा खटाटोप थंडच करायचा. पहिल्या तिळांवरून काढलेली फुलं टाकून देत नसत. ती दुसऱ्या तिळांवर पसरत आणि त्यातून हलक्या प्रतीचं तेल निघे. त्यामुळे फुलेलातही खालच्या-वरच्या प्रती होत्या आणि वरची प्रत अत्तराच्या भावाने विकली जाई.

तीळच का, याचंही कारण आहे. तिळाच्या तेलात सेसमॉलसारखी द्रव्यं नैसर्गिकरीत्या असतात आणि त्यांच्यामुळे ते इतर बऱ्याच तेलांपेक्षा उशिरा खवट होतं. उशिरा होतं, पण होतं. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

पहिला बदल रसायनशास्त्राने घडवला. चमेलीच्या वासातला एक मोठा घटक म्हणजे बेंझिल अ‍ॅसिटेट. तो प्रयोगशाळेत स्वस्तात करता येऊ लागला, तेव्हा तिळांवर आठवडाभर फुलं बदलत बसण्याची गरज उरली नाही. सुगंधाचे व्यापारी असे दहा-वीस घटक एकत्र करून तयार ‘कंपाउंड’ विकू लागले. तेल करणारा ते आणून साध्या तिळाच्या तेलात ढवळून घाली. शंभर मिलिलिटर तेलाला एखादा मिलिलिटर कंपाउंड पुरे. खरी चमेली हुंगली तर गोडव्याखाली काहीतरी जडसर, थोडं प्राण्यासारखं जाणवतं. ते इंडोलमुळे. निव्वळ बेंझिल अ‍ॅसिटेटचा वास त्यापेक्षा हलका आणि फळासारखा गोड, थोडा पिकल्या केळ्याकडे झुकणारा. चांगल्या कंपाउंडमध्ये इंडोल बेताने घातलेलं असे, शिवाय वास धरून ठेवायला कृत्रिम कस्तुरी असे.

याच काळात केशतेलाचा मोठा धंदा उभा राहिला, विशेषतः कोलकात्यात. तिथल्या एच. बोस यांच्या ‘कुंतलीन’ तेलाने तर कथास्पर्धाच सुरू केली. अट अशी, की तेलाचा उल्लेख कथेत यावा, पण जाहिरात वाटू नये. १८९६ साली तिचं पहिलं पारितोषिक मिळालेली कथा शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांची होती. तिच्यात समुद्रात ओतलेल्या केशतेलाच्या बाटलीने चक्रीवादळ शमतं. केशतेलाच्या कथेला आपल्या देशात एवढी जुनी परंपरा आहे, हे कळल्यावर माझा धीर वाढला.

दुसरा बदल तेलाच्या पोटातच झाला. तिळाच्या जागी पेट्रोलियमपासून शुद्ध केलेलं, बिनरंगी, बिनवासाचं तेल आलं. बाजारात त्याला व्हाइट ऑइल म्हणतात, बाटलीवर ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ किंवा ‘मिनरल ऑइल’ असं लिहिलेलं असतं. ते स्वस्त आहे, चिकट नाही आणि मुख्य म्हणजे खवट होत नाही. दुकानदाराला वर्षभर ठेवता येतं. आज चमेली तेल म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा हेच असतं. पूजासाहित्याच्या दुकानात शेंदराशेजारी चमेली तेलाच्या छोट्या बाटल्या असतात, त्यांतल्या अनेकांवर ‘फक्त पूजेसाठी’ असं छापलेलं असतं. कथेत आजीला पहिली बाटली तिथेच मिळते. ती झाकण उघडून हुंगते आणि म्हणते, “हे मारुतीचं. आमच्या ह्यांचं नव्हे.”

मग ह्यांचं कोणतं?

कथा लिहिताना मी आजीच्या आठवणीतल्या खुणा एकेक करून तपासल्या. तेल फिकट पिवळं होतं. व्हाइट ऑइल पाण्यासारखं दिसतं, रंग घातला तरच पिवळं होतं. पण ही खूण एकटी पुरेशी नाही. बाटलीच्या तोंडाशी चिकट कड धरायची आणि बूच ओढून काढावं लागायचं. ही खूण पक्की. तिळाचं तेल हवेत हळूहळू घट्ट आणि चिकट होतं, पॅराफिन वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं. तिसरी खूण उशीच्या अभ्र्याची. तो पिवळा पडायचा, मधोमध कडक व्हायचा, सोड्यात उकळला तरी डाग पुरता जायचा नाही. तेव्हा तेल तिळाचं, यात शंका नाही. आणि छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याच्या पगारात दर महिन्याला खरं फुलेल बसणं अशक्य. म्हणजे ते मधल्या पिढीचं तेल होतं: घाण्याचं तीळतेल आणि वरून घातलेलं कंपाउंड.

हेच तेल सगळ्यांत लवकर नाहीसं झालं. त्याला नाव नव्हतं. डब्यातून मापाने सुटं विकलं जायचं, आधी नवटाक-पावशेराने, मेट्रिक मापं आल्यावर मिलिलिटरने. पॅकबंद मालावर उत्पादकाचं नाव, पत्ता, वजन छापण्याचे नियम १९७७ साली आले. नाव छापलेल्या मालाचा माग लागतो. सुट्या तेलाचा लागत नाही, दुकान बंद झालं की संपलं. कुणी तेच तेल पुन्हा करायचं म्हटलं तरी कंपाउंड जुनं राहिलेलं नाही. स्वस्त सुगंधांत सर्रास वापरली जाणारी मस्क अँब्रेट नावाची कृत्रिम कस्तुरी मज्जासंस्थेला घातक असल्याचं दिसून आलं आणि ऐंशीच्या दशकात जगभरच्या सुगंध उद्योगाने ती वापरायची नाही असं ठरवलं. निर्णय योग्यच होता. पण ती गेल्याने त्या काळच्या किती तेलांचा आणि पावडरींचा तळाचा, रेंगाळणारा वास गेला, हे ज्यांनी तो रोज घेतला त्यांनाच उमगतं.

कथेतलं मला सर्वांत जवळचं दुकान अत्तरवाल्याचं आहे. तो काचेची सळई बुडवून आजीच्या मनगटाच्या मागे खऱ्या चमेलीचा थेंब लावतो. ती डोळे मिटते. “फूल आहे हे,” ती म्हणते, “पण ह्यात डोकं नाही.” अत्तरवाला आधी गोंधळतो. मग विचारतो, “आजी, तुम्ही वास घ्यायच्या तो बाटलीचा, की उशीचा?”

हा प्रश्न कथेत आणायला मला तीन खर्डे लागले. माणसाच्या डोक्यावर तेल लागलं, की ते बाटलीतलं तेल राहत नाही. त्यात टाळूचं स्निग्ध द्रव्य मिसळतं, घाम मिसळतो, आणि अभ्र्यावर त्याचा पातळ थर पसरला की प्राणवायूशी त्याचा संयोग फार झपाट्याने होतो. बाटलीत ज्याला महिने लागतात ते कापडावर थोड्या दिवसांत घडतं. त्यातून हेक्झॅनलसारखी द्रव्यं तयार होतात. त्यांचा वास थोडा कच्च्या गवतासारखा, थोडा खवट. याच्या खाली कंपाउंडमधले जड घटक टिकून असतात, कारण हलके आधीच उडून गेलेले असतात. आजी चाळीस वर्षं शेजारच्या उशीवरून जो वास घेत होती, तो हा. कुठल्याही दुकानात तो बाटलीत भरून मिळणं शक्य नव्हतं, नवरा जिवंत असतानाही नाही.

पहिल्या खर्ड्यात मी तिला एका धुळकट दुकानात जुनी सीलबंद बाटली मिळवून दिली होती. हे सगळं समजल्यावर तो शेवट मी काढून टाकला, कारण तो खोटा होता. ती बाटली उघडून तिने हुंगली असती आणि तिथेही मान हलवली असती.

आता कथेत ती लाकडी घाण्यावरून पाव लिटर तिळाचं तेल घेते. घाणेवाला सांगतो, की गाळ खाली बसायला दोन-चार दिवस जातील, वरचं निवळ तेवढं घ्या. अत्तरवाल्याकडून चमेलीच्या कंपाउंडची छोटी कुपी घेते, खऱ्या अत्तराची नव्हे, कारण तिच्या नवऱ्याच्या तेलात ते कधीच नव्हतं. घरी येऊन जुन्या बाटलीत तेल गाळते, वीसएक थेंब मोजून घालते, हलवते. लगेच हुंगत नाही. कपाटातून त्याचा एक अभ्रा काढते, स्वच्छ धुतलेला, नुसता साबणाचा वास येणारा. मधोमध, जिथे डोकं टेकायचं तिथे, तळहाताने थोडं तेल चोळते आणि अभ्रा उशीवर चढवून त्याच्या बाजूला ठेवते.

रोज सकाळी ती वाकून पाहते. तिसऱ्या दिवशी नुसती चमेली येते. सहाव्या दिवशी चमेली उतरलेली असते. नवव्या दिवशी ती उशीवर थोडा जास्त वेळ वाकलेली राहते.