पेस्लिपच्या फोटोवरून तक्ता : आम्ही काय लिहितो, कसं जुळवतो

तुम्ही पगाराच्या स्लिपचा फोटो पाठवता आणि आम्ही त्यातली प्रत्येक ओळ तक्त्यात उतरवून देतो. कर्जाच्या अर्जासाठी, कर भरण्यासाठी किंवा घरच्या हिशेबासाठी हा तक्ता वापरला जातो, आणि समोरचा माणूस तो स्लिपशेजारी ठेवून वाचतो. त्यामुळे आमचा नियम एकच आहे : स्लिपवर जे छापलंय तेच तक्त्यात, आणि स्लिपवर नाही ते तक्त्यातही नाही. स्लिपवर भत्त्याचं नाव आखूड छापलं असेल तर तक्त्यातही ते आखूडच राहतं. एखाद्या ओळीसमोर शून्य असेल तर आम्ही शून्य लिहितो, जागा कोरी असेल तर कोरी ठेवतो. शून्य म्हणजे या महिन्यात काही मिळालं नाही. कोऱ्या जागेचा अर्थ मात्र कंपनीलाच ठाऊक असतो, तो आम्ही ठरवत नाही.

आधी महिना

स्लिपवर बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त तारखा असतात. पगार कुठल्या कालावधीचा आहे ती एक, पैसे खात्यात जमा झाले ती दुसरी आणि कधीकधी कोपऱ्यात बारीक अक्षरात स्लिप छापल्याची तिसरी. मार्चचा पगार एप्रिलच्या पाच तारखेला जमा झाला, तरी तक्त्यात महिना मार्चच लागतो आणि जमा तारीख वेगळ्या रकान्यात जाते. पगार आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा असेल तर महिन्याच्या नावाऐवजी ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन्ही तारखा लिहितो.

मागच्या महिन्याचा फरक या महिन्यात मिळाला असेल तर ग्राहक हमखास विचारतात, ‘तो फरक फेब्रुवारीचा आहे, मग फेब्रुवारीत का नाही लिहिला?’ कारण तो मार्चच्या स्लिपवर छापलाय आणि मार्चच्या एकूण रकमेत धरलाय. ओळीच्या नावात ‘फेब्रुवारी फरक’ हे शब्द तसेच राहतात, पण रक्कम मार्चमध्येच. ती हलवली तर दोन्ही महिन्यांच्या बेरजा बिघडतात.

महिन्याकडे आम्ही सगळ्यात आधी पाहतो, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या बेरजेवर चालतात आणि बेरजेला महिना कळत नाही. महिना चुकला तरी सगळे आकडे बिनतक्रार जुळतात.

एक स्लिप, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजावून सांगण्यासाठी आम्हीच तयार केलेला हा नमुना पाहा. स्लिप मार्चची आहे, मधोमध घडी पडलेली, आणि घडीची रेघ नेमकी ओव्हरटाइमच्या ओळीवरून गेलेली.

मिळकत :
मूळ वेतन २४,५००
घरभाडे भत्ता ९,८००
प्रवास भत्ता २,४००
ओव्हरटाइम १,३७०
फेब्रुवारी फरक १,२६०

कपात :
निवृत्ती निधी २,९६५
आयकर १,३८०
विमा हप्ता ६५०
उचल वसुली २,०००

हे पहिल्या वाचनात उतरवलेले आकडे. स्लिपवर छापलेली एकूण मिळकत ३९,८३०, एकूण कपात ६,७२५ आणि निव्वळ पगार ३३,१०५ आहे. छापील बेरजा आम्ही ओळींआधीच उतरवून ठेवतो आणि ओळींची बेरीज वेगळी करतो. एकूणचा आकडा गणित करून भरला तर तो नेहमीच जुळणार, मग तपासायला काही उरतच नाही.

मिळकतीच्या ओळींची बेरीज येते ३९,३३०. म्हणजे ५०० कमी पडले. फरक नेमका शेकड्याच्या घरात आणि पाचाचा आहे, तेव्हा कुठल्या तरी ओळीत शेकड्याचा अंक पाचाने कमी वाचला गेला असावा. इथे तीन ओळींवर संशय येतो. १,३७० मधला ३ हा ८ असू शकतो, २,४०० मधला ४ हा ९ असू शकतो, किंवा १,२६० मधला २ हा ७. फोटो मोठा करून पाहिल्यावर ४ आणि २ स्वच्छ दिसतात. ओव्हरटाइमच्या अंकाची डावी बाजू मात्र घडीत झिजलेली आहे. स्लिपवरचे अंक इंग्रजी आहेत, आणि डावीकडून झिजलेला 8 हा 3 सारखा दिसतो, ही फोटोंमधली नेहमीची फसगत. खरा आकडा १,८७०.

आता कपात. ओळींची बेरीज ६,९९५ आणि छापील आकडा ६,७२५, म्हणजे २७० जास्त. हा फरक वेगळ्या जातीचा आहे, कारण २७० ला ९ ने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. इथे तो ९० च्या तिप्पट आहे, म्हणून शेकडा आणि दशक या घरांतले असे दोन अंक शोधायचे ज्यांच्यात तीनचं अंतर आहे. निवृत्ती निधीच्या ओळीत ते सापडतात, ९ आणि ६. स्लिपवर २,६९५ आहे, टाइप करताना २,९६५ झालं. इथे फोटोचा काही दोष नाही, बोटांचा आहे.

दोन्ही दुरुस्त्यांनंतर मिळकत ३९,८३०, कपात ६,७२५ आणि वजाबाकी ३३,१०५. तिन्ही आकडे छापील आकड्यांशी जुळले.

याच स्लिपवर निवृत्ती निधीच्या शेजारी मालकाचा वाटाही २,६९५ छापलेला आहे. तो तुमच्या पगारातून कापलेला नाही, कंपनी आपल्याकडून भरते, म्हणून कपातीत येत नाही. चुकून घेतला असता तर फरक बरोबर २,६९५ चा आला असता. फरक एखाद्या अख्ख्या ओळीएवढा निघाला, की ती ओळ एकतर दोनदा आली, नाहीतर गळली, नाहीतर नको तिथली उचलली, असं समजून आम्ही शोध सुरू करतो.

बेरीज जुळली तरी

फक्त निव्वळ पगार जुळतोय का एवढं पाहून तक्ता मान्य करू नका. समजा मिळकतीच्या बाजूला ‘जादा दिलेली रक्कम परत’ म्हणून उणे ५०० छापले आहेत, आणि कोणी ते ‘नाहीतरी कपातच आहे’ म्हणून कपातीत टाकले. निव्वळ पगार तसाच राहील, पण एकूण मिळकत आणि एकूण कपात दोन्ही ५०० ने फुगतील. म्हणून तिन्ही आकडे वेगवेगळे जुळायला हवेत, आणि उण्याची ओळ उण्याच्या चिन्हासह जिथे छापली तिथेच हवी.

तिन्ही जुळूनही एक चूक लपून राहू शकते. विमा हप्त्याची रक्कम आयकरासमोर आणि आयकराची विमा हप्त्यासमोर गेली, तर बेरजेला त्याचा पत्ता लागत नाही. फोटो जरा तिरका असला की नजर एक ओळ खाली घसरते आणि हे होतं. यावर आमच्याकडे एक चांगला उपाय आहे, फक्त त्याला लागोपाठच्या दोन महिन्यांच्या स्लिपा लागतात. अनेक स्लिपांवर या महिन्याच्या रकमेशेजारी ‘वर्षारंभापासून आतापर्यंत’ असा रकाना असतो. मार्चच्या स्लिपवरच्या त्या आकड्यातून फेब्रुवारीच्या स्लिपवरचा आकडा वजा केला, की मार्चची रक्कम निघते, आणि तीही ओळीओळीने. आपल्या नमुन्यात ओव्हरटाइमचा हा आकडा फेब्रुवारीत ३,९४० आणि मार्चमध्ये ५,८१० आहे. फरक १,८७०. घडीतल्या त्या आठाला हा दुसरा साक्षीदार मिळाला. मध्येच हिशेबाचं नवं वर्ष सुरू झालं असेल तर ही वजाबाकी लागू पडत नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात दोन्ही रकाने सारखेच असतात.

हाच रकाना गोंधळही घालतो. फोटोत दोन रकाने खेटून आले तर वर्षाची रक्कम महिन्याची म्हणून उचलली जाते. तसं झालं तर बेरीज इतकी फुगते की ते लगेच लक्षात येतं.

अंक दिसतच नसेल तर

बेरजेवरून अंक काढता येतो, पण काढलेला अंक वाचलेल्या अंकासारखा दाखवणं आम्हाला मान्य नाही. अशा ओळीसमोर शेऱ्याच्या रकान्यात ‘फोटोत अस्पष्ट, बेरजेवरून’ असं लिहितो आणि तुमच्याकडे तेवढ्या भागाचा नवा फोटो मागतो. एकाच बाजूच्या दोन ओळी अस्पष्ट असतील तर बेरीजही उपयोगाची नाही, कारण दोघींची मिळून रक्कम कळते, वाटणी कळत नाही. मग त्या जागा कोऱ्या राहतात.

कधी स्लिपचीच बेरीज चुकलेली असते. बहुधा फरक एखाद्या एककाचा असतो : कंपनीच्या संगणकात रकमा दशांशासह असतात, छापताना प्रत्येक ओळ पूर्णांकात येते आणि एकूण मात्र मूळ दशांशांवरून काढलेलं असतं. आम्ही ओळी आणि एकूण दोन्ही छापल्याप्रमाणे ठेवतो आणि खाली ‘ओळींची बेरीज अमुक, छापील एकूण तमुक’ अशी नोंद करतो. जुळवण्यासाठी स्वतःची ओळ घालत नाही. काही ग्राहकांना हे हट्टीपणाचं वाटतं, पण फरक मोठा असेल तर त्याचा खुलासा तुमच्या कंपनीच्या पगार विभागानेच करायचा असतो, आमच्या तक्त्याने नाही.

फोटो काढताना

स्लिप सपाट ठेवा, घडी हाताने दाबून घ्या आणि मोबाइल बरोबर वर धरा. चारही कोपरे चौकटीत हवेत. कडेची तारीख किंवा तळाची बेरीज कापली गेली तर आम्हाला पुन्हा फोटो मागावाच लागतो. फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या उजेडात काढलेला फोटो चांगला येतो. मेसेजमध्ये साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान केला जातो आणि बारीक अंक फुटतात, म्हणून तो फाइल म्हणून जोडा. कंपनीने पीडीएफ दिली असेल तर तिचा स्क्रीनशॉट न काढता पीडीएफच पाठवा. मागच्या महिन्याची स्लिपही सोबत जोडली तर वर सांगितलेली ओळवार तपासणी आम्ही करूनच देतो.

बँक खात्याचा आणि ओळखपत्राचा क्रमांक आम्हाला लागत नाही. फोटो काढण्याआधी त्यावर कागदाची पट्टी ठेवा, पण पट्टीखाली महिना किंवा एखादी रक्कम जात नाही ना, एवढं पाहून घ्या.