‘रँडम फॉरेस्ट’चं ‘इरेग्युलर वुडलँड’ कसं होतं?

ऐरोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या परिचित मॅडमकडे मध्यंतरी एक शोधनिबंध परीक्षणासाठी आला. विषय होता मॅमोग्रामवरून कॉम्प्युटरने कॅन्सर ओळखण्याचा. त्यांनी दोन पानं वाचली आणि मला फोन केला, “अहो, व्याकरण अगदी बरं आहे, पण हा माणूस ब्रेस्ट कॅन्सरला ‘बुझम पेरिल’ म्हणतोय. आणि ‘इरेग्युलर वुडलँड’ ही कुठली पद्धत?”

ती पद्धत म्हणजे साधं ‘रँडम फॉरेस्ट’. मशीन लर्निंगच्या पहिल्या सेमिस्टरला शिकवतात ती. ‘रँडम’च्या जागी ‘इरेग्युलर’ बसलं, ‘फॉरेस्ट’च्या जागी ‘वुडलँड’, आणि संज्ञा नाहीशी झाली. अशा शब्दप्रयोगांना संशोधनाच्या जगात ‘टॉर्चर्ड फ्रेजेस’ म्हणतात. फ्रान्समधले ग्योम काबानाक आणि सिरिल लाबे, आणि त्यांच्यासोबत अलेक्झांडर मागाझिनॉव यांनी 2021 मध्ये या प्रकाराला हे नाव दिलं. एका नावाजलेल्या प्रकाशकाच्या ‘मायक्रोप्रोसेसर्स अँड मायक्रोसिस्टिम्स’ या जर्नलमध्ये त्यांना असे निबंध ढिगाने सापडले होते. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, ‘बिग डेटा’चं ‘कोलॉसल इन्फर्मेशन’, ‘सिग्नल टू नॉइज’चं ‘फ्लॅग टू क्लॅमर’. शेवटचं मला विशेष आवडतं. सिग्नल म्हणजे झेंडाही असू शकतो आणि नॉइज म्हणजे कल्लोळ, त्यामुळे शब्दकोशाच्या नजरेतून यात काहीच चुकलेलं नाही.

चूक तिथेच आहे. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘स्पिनर’ म्हणतात. त्यात मजकूर टाकला की ते दर दोन-चार शब्दांमागे एका शब्दाला समानार्थी शब्द लावतं, वाक्याची चौकट मात्र तशीच ठेवतं. ‘रँडम फॉरेस्ट’ हे दोन शब्द मिळून एकच नाव आहे आणि ते फोडता येत नाही, हे त्याला कळत नाही. आणि हे करायचं कशासाठी, तर चोरी लपवायला. प्लॅगॅरिझम तपासणारं सॉफ्टवेअर मुख्यतः सलग जुळणारे शब्द शोधतं. मधले शब्द बदलले की साखळी तुटते आणि रिपोर्टवरची टक्केवारी झपाझप खाली येते. आपल्याकडे यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यामुळे पीएचडीच्या वर्तुळात त्या आकड्याची धास्ती मोठी. गंमत अशी की त्याच नियमांत सर्वसामान्य संज्ञा तपासणीतून वगळायला सांगितल्या आहेत. म्हणजे ‘रँडम फॉरेस्ट’ तसंच ठेवलं असतं तरी कुणी बोट ठेवलं नसतं!

आता मॅडमचा पुढचा प्रश्न. “लेखकाचं इंग्रजी कच्चं असेल, म्हणून असं झालं नसेल कशावरून?” शंका रास्त आहे, आणि परीक्षकाने ती घ्यायलाच हवी. पण कच्च्या इंग्रजीच्या खुणा वेगळ्या असतात. ‘अ’ आणि ‘द’ गळतात, क्रियापदाचा काळ घसरतो, वाक्य अर्ध्यावर फिरतं. संज्ञा सहसा शाबूत राहतात, कारण त्या माणूस पुस्तकातून जशाच्या तशा शिकलेला असतो. आपली पोरं वाशीच्या कँटीनमध्ये मराठीत बोलतानाही ‘रँडम फॉरेस्ट लाव, अॅक्युरसी वाढेल’ असंच म्हणतात. स्पिन केलेल्या मजकुरात चित्र नेमकं उलटं असतं. व्याकरण बऱ्यापैकी, संज्ञा मोडलेल्या.

आम्ही तो निबंध मग नीट उलगडून पाहिला. सगळ्यात बोलका पुरावा कंसात सापडला. एके ठिकाणी ‘प्रोफाउंड न्यूरल ऑर्गनायझेशन’ असं लिहिलं होतं आणि पुढे कंसात संक्षेप होता: डीएनएन. शब्दांची आद्याक्षरं घ्यायची तर ते पीएनओ व्हायला हवं. मूळ शब्द ‘डीप न्यूरल नेटवर्क’ होते. स्पिनरने शब्द बदलले, पण संक्षेपाला समानार्थी शब्द नसतो, म्हणून तो जागच्या जागी राहिला. दुसरा पुरावा संदर्भसूचीत. तिथे लिओ ब्रायमन यांचा 2001 चा मूळ निबंध ‘रँडम फॉरेस्ट्स’ या खऱ्या नावाने होता, आणि मजकुरात त्याच संदर्भाचा आकडा ‘इरेग्युलर वुडलँड’पुढे बसला होता. सूत्रंही अशीच सुरक्षित राहतात. ‘मीन स्क्वेअर ब्लंडर’ या शब्दांखाली ‘मीन स्क्वेअर एरर’चं नेहमीचं सूत्र अगदी बरोबर छापलेलं होतं.

हे काम मोठ्या प्रमाणावर करायला काबानाक आणि सहकाऱ्यांनी ‘प्रॉब्लेमॅटिक पेपर स्क्रीनर’ उभारला. त्यामागची कल्पना साधी आहे. सापडलेल्या विचित्र शब्दप्रयोगांची यादी करायची आणि छापलेल्या निबंधांच्या पूर्ण मजकुरात ते जसेच्या तसे शोधायचे. घरबसल्या कुणालाही असा शोध घेता येतो. गूगल स्कॉलरवर अवतरणचिन्हांसकट हे टाकायचं:

```
"irregular woodland" "machine learning"
```

दुसरा शब्दप्रयोग सोबत का घ्यायचा? कारण वृक्षांच्या अभ्यासात विरळ, वेड्यावाकड्या रानाला कुणी खरोखरच ‘इरेग्युलर वुडलँड’ म्हणू शकतं. येऊरच्या जंगलावर लिहिणाऱ्याला त्यासाठी दोषी धरता येणार नाही. म्हणून एकटादुकटा शब्दप्रयोग म्हणजे फक्त इशारा. एकाच निबंधात असे पाच-सहा भेटले, शिवाय संक्षेप आणि संदर्भ जुळेनासे झाले, की मग संशयाला वजन येतं. त्यानंतरही माणसाने वाचूनच मत द्यायचं. स्क्रीनर निकाल देत नाही. त्याने बाजूला काढलेले निबंध माणसं वाचतात, पबपीअर या छापलेल्या निबंधांवर चर्चा करण्याच्या संकेतस्थळावर मुद्दे मांडतात आणि पुढची कारवाई जर्नलच्या संपादकाकडे जाते.

कारणाबद्दलही घाई नको. ‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ हा असाच एक अर्थहीन शब्दप्रयोग बऱ्याच निबंधांत सापडला, पण त्याची मुळं स्पिनरमध्ये नसावीत. 1959 च्या एका जुन्या निबंधाचं पान दोन स्तंभांत छापलेलं होतं. ते स्कॅन करताना डाव्या स्तंभातलं ‘व्हेजिटेटिव्ह’ उजव्या स्तंभातल्या ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ला जोडलं गेलं. दुसरा संभाव्य मार्ग फारसीचा. खरी संज्ञा आहे ‘स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’, आणि फारसी लिपीत ‘स्कॅनिंग’ आणि ‘व्हेजिटेटिव्ह’ यांच्या शब्दांत केवळ ठिपक्यांचा फरक आहे, म्हणजे भाषांतरातही घोटाळा होऊ शकतो. तेव्हा हा शब्दप्रयोग दिसला म्हणून लेखकाने मजकूर ढापला असं म्हणता येत नाही. त्याने आपलंच लिखाण वाचलं नाही, एवढं मात्र नक्की म्हणता येतं, आणि परीक्षकानेही.

नव्या भाषा-मॉडेलांनी हा माग बराच पुसट केला आहे. त्यांना ‘रँडम फॉरेस्ट’ ही संज्ञा आहे हे कळतं, म्हणून ती संज्ञा न मोडता आजूबाजूची सगळी वाक्यं बदलतात. त्यांचे अवशेष वेगळे असतात. 2023 मध्ये भौतिकशास्त्राच्या एका निबंधात चक्क ‘रिजनरेट रिस्पॉन्स’ हे चॅटबॉटच्या बटणावरचे शब्द छापले गेले होते. कॉपी करताना मजकुरासोबत आले आणि कुणीच काढले नाहीत. तो निबंध पुढे मागे घेण्यात आला. पण असे शब्द पुसून टाकायला एक मिनिटही लागत नाही, त्यामुळे या खुणेवर फार काळ विसंबता येणार नाही.

ऐरोलीच्या मॅडमनी संपादकाला निबंध नाकारावा असं कळवलं. सोबत तीनच ओळी जोडल्या: पान क्रमांक, कंसातला डीएनएन, आणि संदर्भसूचीतला ब्रायमन. ‘बुझम पेरिल’चा उल्लेख त्यांनी मुद्दाम टाळला. त्यांचं म्हणणं, शब्दनिवडीवर लेखक वाद घालू शकतो, पण जुळत नसलेल्या आद्याक्षरांवर काय वाद घालणार?