फेसबुक पेजवरचा तुमचा फोटो किंवा मजकूर दुसऱ्याने उचलला, तर तक्रार कशी करावी आणि ती कुठे अडते

पहिली गोष्ट, कमेंटमध्ये काहीही लिहू नका. संताप साहजिक आहे, पण "हा फोटो चोरलाय" असं चारचौघांत लिहिलं की समोरचा बहुतेक वेळा दोनच गोष्टी करतो. पोस्ट काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकतो, किंवा तुम्हाला ब्लॉक करतो. ब्लॉक झाल्यावर ती पोस्ट तुम्हाला दिसेनाशी होऊ शकते आणि तक्रारीला लागणारी लिंक हातची जाते. म्हणून आधी पुरावा, मग निरोप, मग तक्रार. हा क्रम उलटला की काम अडतं, हे मी ओळखीच्यांचे अर्ज शेजारी बसून भरताना पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

एका काकूंचं उदाहरण सांगते. त्या घरगुती पदार्थांचं पेज चालवतात. ३ सप्टेंबरला त्यांनी उकडीच्या मोदकांचा फोटो टाकला आणि खाली उकड कशी काढायची यावर दोन परिच्छेद लिहिले. ६ सप्टेंबरला एका मोठ्या पेजने कोपऱ्यातलं नाव कापून तोच फोटो आणि तोच मजकूर टाकला, खाली "साभार: इंटरनेट". काकूंची पहिली तक्रार फेटाळली गेली, आणि अर्ज पाहिल्यावर कारणं कळली.

त्यांनी लिंकच्या रकान्यात त्या पेजचा पत्ता दिला होता. पेजवर शेकडो पोस्ट असतात, त्यातली कुठली ते तपासणाऱ्याने शोधावं अशी अपेक्षा चालत नाही. नेमक्या पोस्टची लिंक लागते. फेसबुकवर पोस्टच्या वर, पेजच्या नावाखाली दिसणाऱ्या तारखेवर किंवा वेळेवर टिचकी मारली की ती एकच पोस्ट उघडते, तिचा पत्ता घ्यायचा. तीच चोरी तीन पोस्टमध्ये असेल तर तीन लिंक. सोबत स्वतःच्या मूळ पोस्टची लिंकही हवी, तीही नेमकी. शिवाय पूर्ण स्क्रीनचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात पेजचं नाव आणि तारीख दिसू द्या.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं होतं. फोटो काकूंनी काढलाच नव्हता, सुनेने काढला होता. आपल्या कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती. मजकूर काकूंचा, फोटो सुनेचा, म्हणून हक्कही दोघींचे वेगळे. एक तर दोघींनी आपापली तक्रार करावी, नाहीतर सुनेने काकूंना लेखी अधिकार द्यावा आणि अर्जात "मालकाच्या वतीने" हा पर्याय निवडावा. "सगळ्यांनी मिळून रिपोर्ट करा" म्हणून पंचवीस मैत्रिणींना कामाला लावू नका. कॉपीराइटची तक्रार मालकाची किंवा त्याने नेमलेल्या माणसाचीच धरली जाते.

पैसे देऊन फोटोग्राफरकडून फोटो काढून घेतले असतील तर गोष्ट उलटी होते. वेगळा करार नसेल तर कलम १७ नुसार पहिला मालक काढून घेणारा असतो. लग्नाचे आणि उत्पादनांचे फोटो पेजवर टाकणाऱ्या फोटोग्राफरांनी हे आधी तपासावं. करारात हक्क स्वतःकडे ठेवलेला नसेल, तर तक्रार ग्राहकाने करायला हवी.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो. तो म्हणजे मूळ फाइल. काकूंकडे होती `IMG-20230903-WA0007.jpg`. नावातलं WA पाहिलं की कळतं, हा व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो आहे. तिथून येताना फोटो लहान होतो आणि कॅमेऱ्याने आत नोंदवलेली तारीख-वेळ गळून पडते. फेसबुकवरून परत उतरवून घेतलेल्या फोटोचंही तेच. सुनेच्या फोनमध्ये मात्र मूळ फोटो सापडला, आणि त्याच्या मागेपुढे काढलेले आणखी चार. एकात मोदकाची कळी तुटलेली, एकात ताटाच्या कडेला काकूंचा हात. हे न वापरलेले चार फोटोच सर्वांत पक्का पुरावा, कारण उचलणाऱ्याकडे ते असूच शकत नाहीत. फोटो निवडून बाकीचे पुसून टाकायची सवय असेल तर कृपा करून ती सोडा. फोन बदलताना मूळ फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवा.

नोंदणीचं प्रमाणपत्र हवंच असं नाही. फोटो काढला, मजकूर लिहिला, की हक्क आपोआप मिळतो. प्रमाणपत्र नाही म्हणून तक्रार न करता परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

मजकुराबाबत एक मर्यादा समजून घ्या. साहित्याची यादी आणि कृतीची कल्पना कुणाच्या मालकीची नसते, तुमची वाक्यं तुमची असतात. दुसऱ्या एका पेजने तेच मोदक स्वतःच्या शब्दांत लिहून स्वतःचा फोटो लावला होता. त्याविरुद्धही काकूंना तक्रार करायची होती. ती टिकली नसती, म्हणून मी थांबवलं.

पुरावा हाती आल्यावर पेजला खासगी निरोप पाठवायचा. आम्ही पाठवलेला असा होता:

"नमस्कार. तुमच्या पेजवरील ६ सप्टेंबरच्या पोस्टमधील फोटो आणि मजकूर आमचा आहे. तो आम्ही ३ सप्टेंबरला प्रसिद्ध केला होता. दोन्ही लिंक सोबत दिल्या आहेत. वापराची परवानगी आम्ही दिलेली नाही. कृपया शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत पोस्ट काढावी. तसे न झाल्यास आम्ही कॉपीराइटची तक्रार नोंदवू."

यात "निदान नाव तरी द्या" हे वाक्य मुद्दाम नाही. ते लिहिलं की समोरचा कोपऱ्यात नाव टाकतो आणि पुढे तुमची परवानगी होती असं म्हणतो. पोस्ट काढायला हवी की नाव चालेल, हे आधी ठरवा आणि तेवढंच मागा. शिव्या, धमकी, पोलिसांचा उल्लेख काहीही नको. हा निरोप उद्या कुणीही वाचू शकतो असं समजून लिहा.

शुक्रवार उलटला, उत्तर आलं नाही. मग फेसबुकच्या कॉपीराइटच्या फॉर्ममध्ये तक्रार भरली. साधा रिपोर्ट आणि हा फॉर्म वेगळे आहेत. सहीच्या जागी पेजचं नाव चालत नाही, स्वतःचं पूर्ण नाव लागतं. आणि हे नीट वाचा: तुमचं नाव, ईमेल आणि तक्रारीचं स्वरूप समोरच्याला कळवलं जाऊ शकतं. म्हणून कामासाठी वेगळा ईमेल ठेवा, पण रोज उघडता येईल असा. उलट प्रश्न त्याच ईमेलवर येतो, कधी स्पॅममध्ये पडतो, आणि उत्तर दिलं नाही तर तक्रार तिथेच राहते. काकूंना असा प्रश्न आला. आम्ही ते चार फोटो पाठवले.

शेवटी २१ दिवसांबद्दल, कारण हा आकडा जवळजवळ प्रत्येक जण चुकीचा वाचतो. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ प्रमाणे फेसबुकसारख्या मंचाला रीतसर लेखी नोटीस देता येते. नोटिशीतल्या तपशिलांवरून मंचाची खात्री पटली तर ३६ तासांत मजकूर बंद करावा लागतो. पण त्या नोटिशीत तुम्ही लेखी हमी देता की न्यायालयात दावा लावून २१ दिवसांत आदेश आणू. म्हणजे हे २१ दिवस तक्रार करायची मुदत नाहीत आणि मंचाला मिळालेली सवलतही नाहीत, ती तुमच्यावरची जबाबदारी आहे. आदेश आला नाही तर मजकूर पुन्हा दिसू शकतो, आणि त्याच जागच्या त्याच चोरीसाठी तुमची पुढची नोटीस ऐकणं मंचावर बंधनकारक राहत नाही. एका मोदकाच्या फोटोसाठी ही वाट धरू नका. कुणी तुमचे फोटो वापरून माल विकत असेल, तर वकिलाला भेटून मगच नोटीस द्या. दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो, समोरच्याच्या गावी जावं लागत नाही.

चोरलेली ती पोस्ट फेसबुकच्या फॉर्मवरच उतरली. त्या पेजचं नाव त्यांनी आजवर कुठेही जाहीर लिहिलेलं नाही. तक्रारीचा क्रमांक आणि ते चार फोटो मात्र एका फोल्डरमध्ये जपून ठेवले आहेत.